बीटा एचसीजी: आकडा वाढला, पण किती पटीने?

"सिस्टर, आकडा तर वाढला की! मग डॉक्टर परत शुक्रवारी रक्त द्यायला का बोलावतात?"

बुधवारी संध्याकाळी वस्तीतली एक सून दोन कागद घेऊन आमच्याकडे आली. सोबत तिच्या सासूबाई होत्या. लग्नाला तीन वर्षं झालेली, पहिल्यांदाच दिवस गेलेले. सोमवारच्या कागदावर बीटा एचसीजी ६४०, बुधवारच्या कागदावर ७९०. सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं. आकडा खाली आला असता तर काळजी, वर गेला म्हणजे गर्भ वाढतोय. उगीच पुन्हा पुन्हा रक्त काढायचं आणि पैसे भरायचे, हे कशाला?

सासूबाईंचा प्रश्न चुकीचा नव्हता. बहुतेक घरांत हा कागद असाच वाचला जातो: आकडा वर गेला की बरं, खाली आला की वाईट. पण बीटा एचसीजीचा कागद तसा वाचायचा नसतो. आकडा वाढला का, एवढंच विचारून भागत नाही. किती तासांत किती पटीने वाढला, हे विचारावं लागतं. त्या सुनेच्या बाबतीत सगळा निर्णय याच एका प्रश्नावर झाला. म्हणून तिचेच आकडे घेऊन हे समजावून सांगतो.

हा आकडा कशाचा?

बीज आणि शुक्राणू यांचं मीलन गर्भनळीत होतं. तिथून तयार झालेला गर्भ हळूहळू सरकत पाच-सहा दिवसांत गर्भाशयात येतो आणि आतल्या अस्तरात रुजतो. रुजायला लागला की त्याच्या बाहेरच्या पेशी, म्हणजे ज्यांची पुढे वार बनते त्या पेशी, एक द्रव्य आईच्या रक्तात सोडू लागतात. त्याचं नाव एचसीजी. हे द्रव्य बीजकोशाला निरोप देतं की गर्भ राहिला आहे, पाळी येऊ देऊ नकोस. निरोप मिळाला की बीजकोश गर्भाला टिकवणारं प्रोजेस्टेरॉन बनवत राहतो.

एचसीजीचे दोन भाग असतात, अल्फा आणि बीटा. अल्फा भाग शरीरातल्या दुसऱ्या काही हार्मोनमध्येही सापडतो, बीटा भाग मात्र त्याचा स्वतःचा असतो. चूक होऊ नये म्हणून लॅबमध्ये बीटा भाग ओळखून मोजतात, त्यावरून तपासणीचं हे नाव पडलं.

घरी लघवी तपासायचं किट याच द्रव्यावर चालतं. पण किट फक्त आहे की नाही एवढंच सांगतं. रक्ताच्या तपासणीत किती आहे ते कळतं. साधारणपणे ५ च्या खाली आकडा असेल तर गर्भ नाही असं धरतात, २५ च्या वर असेल तर आहे असं धरतात. मधला आकडा आला तर दोन दिवसांनी पुन्हा तपासतात.

एका आकड्यावरून काही कळत नाही

त्या सुनेची पाळी चुकून आठवडा झाला होता. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलं तर सोमवारी पाच आठवडे आणि एक दिवस भरत होता. डॉक्टर गर्भाचे आठवडे असेच मोजतात, संबंध आला त्या दिवसापासून नाही.

लॅबच्या कागदावर खाली एक तक्ता छापलेला असतो. कोणत्या आठवड्यात आकडा किती असू शकतो, ते त्यात दिलेलं असतं. बऱ्याच कागदांवर पाचव्या आठवड्यापुढे १८ ते ७,३४० असं छापलेलं असतं. म्हणजे एका बाईचा आकडा १८ आणि दुसरीचा ७,०००, तरी दोघी "नॉर्मल"च्या रकान्यात बसतात. सुनेचा ६४० तिथे बसला आणि ७९० सुद्धा बसला. घरच्यांनी तक्ता पाहिला आणि सगळं ठीक आहे असं समजून बसले.

हा तक्ता एवढा रुंद का? कारण गर्भ नक्की कोणत्या दिवशी रुजला हे कोणालाच माहीत नसतं. कोणाची पाळी २६ दिवसांनी येते, कोणाची ३५ दिवसांनी. बीज चार दिवस उशिरा सुटलं, तर त्या दिवसाचा आकडा चौथ्या हिश्शाएवढाच असू शकतो आणि तरीही गर्भ अगदी चांगला असू शकतो. म्हणून एकच कागद हातात घेऊन "आकडा कमी आहे, गर्भ वाढत नाही" असं म्हणणं चूक आहे. "आकडा मोठा आहे, म्हणजे सगळं चांगलं" असं म्हणणंही तितकंच चूक. आकडा मोठा म्हणून जुळं, किंवा आकड्यावरून मुलगा की मुलगी, असंही कोणी सांगत असेल तर त्याकडे लक्ष देऊ नका.

दुप्पट आणि दीडपट

एका आकड्याने कळत नाही ते दोन आकड्यांनी बरंच कळतं. कारण गर्भ कोणत्याही दिवशी रुजलेला असो, सुरुवातीच्या आठवड्यांत त्याच्या वाढीची चाल जवळपास सारखी असते. पेशी एकाच्या दोन, दोनाच्या चार अशा वाढतात आणि त्यांच्याबरोबर रक्तातला आकडाही वाढतो. गर्भाशयात नीट रुजलेल्या गर्भाचा आकडा बहुतेक वेळा दोन ते तीन दिवसांत दुप्पट होतो. सोमवारी २०० असेल तर बुधवारी ४०० च्या आसपास, शुक्रवारी ८०० च्या आसपास.

सगळ्यांचं अगदी दुप्पटच होतं असं नाही. चांगल्या गर्भाचाही आकडा काही वेळा संथ वाढतो. म्हणून डॉक्टर कमीत कमी वाढ किती हवी हे पाहतात. पहिला आकडा १,५०० च्या खाली असेल तर ४८ तासांत निदान ४९ टक्के वाढ अपेक्षित असते. आपल्या भाषेत सांगायचं तर दीडपट. १०० चे दीडशे, ६०० चे नऊशे. गर्भाशयात वाढणाऱ्या चांगल्या गर्भांपैकी जवळपास ९९ टक्के गर्भ ही रेषा ओलांडतात.

आकडा मोठा होत जातो तशी चाल आपोआप मंदावते. पहिला आकडा १,५०० ते ३,००० असेल तर ४८ तासांत निदान ४० टक्के वाढ पुरते. ३,००० च्या वर असेल तर ३३ टक्केही चालते. पुढे तर दुप्पट व्हायला चार-चार दिवस लागतात. आठ ते अकरा आठवड्यांच्या दरम्यान आकडा सगळ्यात वर जातो आणि मग स्वतःहूनच उतरतो. म्हणून आठ-दहा आठवड्यांच्या बाईने दुप्पट होत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. सोनोग्राफीत गर्भाचे ठोके दिसले की या तपासणीचं काम संपतं. त्यानंतर हा आकडा पाहून उगीच काळजी वाढते.

आता सुनेचे आकडे घ्या. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागायचं, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर हे कोणीही करू शकतं. ७९० भागिले ६४० म्हणजे १.२३. याचा अर्थ आकडा सव्वापटही झाला नव्हता. हवा होता दीडपट, म्हणजे निदान ९५० च्या वर. आकडा वाढला होता हे खरं, पण वाढायला हवा तेवढा वाढला नव्हता.

आम्ही सासूबाईंना दुधाचं उदाहरण दिलं. विरजण लावल्यावर सकाळी दूध थोडं घट्ट झालेलं असतं, पण दही लागलेलं नसतं. काही झालंच नाही असं नाही, पण व्हायला हवं तसं झालेलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे काहीतरी अडलंय." बरोबर. पण काय अडलंय ते आकडा सांगत नाही.

वेळ आणि लॅब

भागाकार करण्याआधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात, नाहीतर हिशेबच चुकतो.

पहिली गोष्ट वेळ. दीडपटीचा हिशेब ४८ तासांचा आहे. सोमवारी सकाळी नऊला रक्त दिलं तर बुधवारी सकाळी नऊच्या सुमारास द्यायचं. मध्ये सुट्टी आली आणि ७२ तास गेले, तर दीडपट पुरत नाही, पावणेदोनपटीच्या वर आकडा हवा. एकाच दिवसाने पुन्हा तपासून फारसं काही कळत नाही, कारण वाढ थोडी असते आणि मशीनचा फरकही त्यात मिसळतो. म्हणून रोज रक्त देऊ नका, पैसे जातात आणि गोंधळ वाढतो. या तपासणीसाठी उपाशी राहायची गरज नसते. रक्त कोणत्या वेळी काढलं ते मात्र कागदावर लिहून घ्या.

दुसरी गोष्ट लॅब. वेगवेगळ्या कंपन्यांची मशीन आणि रसायनं वेगळी असतात. एकाच बाईचं एकाच वेळचं रक्त दोन लॅबमध्ये दिलं तर दोन वेगळे आकडे येऊ शकतात. सोमवारी नाक्यावरच्या लॅबमध्ये आणि बुधवारी दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त दिलं, तर त्या दोन आकड्यांचा भागाकार करून उपयोग नाही. दोन्ही वेळा एकाच लॅबमध्ये जा. आमच्या सुनेने दोन्ही वेळा एकाच लॅबमध्ये, सकाळी साडेनऊच्या आसपास रक्त दिलं होतं. त्यामुळे तिचा १.२३ हा आकडा भरवशाचा होता.

संथ वाढ काय सुचवते

दीडपटीपेक्षा कमी वाढ झाली तर बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट असते. एक म्हणजे गर्भ गर्भाशयातच आहे, पण तो टिकणारा नाही आणि काही दिवसांत पडून जाईल. दुसरी म्हणजे गर्भ गर्भाशयात आलाच नाही, नळीतच अडकून रुजला. याला डॉक्टर एक्टोपिक म्हणतात. नळीचं अस्तर गर्भासाठी बनलेलं नसतं, रक्तपुरवठा अपुरा मिळतो, म्हणून वारेच्या पेशी नीट वाढत नाहीत आणि आकडा रेंगाळतो.

पहिल्या गोष्टीत दुःख असतं. दुसऱ्या गोष्टीत बाईचा जीव जाऊ शकतो. नळी बोटापेक्षा बारीक असते. गर्भ वाढत गेला की ती फुटते आणि पोटात आतल्या आत रक्तस्राव होतो. तो बाहेरून दिसत नाही. शंभर गर्भारपणांत एक-दोन वेळा असं होतं.

दोन्हींचा आकडा सारखाच दिसू शकतो, म्हणून आकड्यानंतर सोनोग्राफी लागते. सुरुवातीच्या दिवसांत ती योनीमार्गातून केली तर जास्त स्पष्ट दिसतं. काही बायका लाजून नकार देतात, काही घरांत नवऱ्याची हरकत असते. पण पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत पाच आठवड्यांचा गर्भ बऱ्याचदा दिसत नाही.

इथेही आकडा कामाला येतो. आकडा फार लहान असताना गर्भाशय रिकामं दिसलं तर त्याचा अर्थ लागत नाही, कारण चांगला गर्भही तेव्हा दिसण्याएवढा मोठा झालेला नसतो. साधारण १,५०० ते २,००० च्या पुढे तो दिसू लागतो. चांगल्या गर्भाला धक्का लागू नये म्हणून सावध डॉक्टर ३,५०० पर्यंत थांबतात. ३,५०० च्या पुढे आकडा आहे आणि तरी गर्भाशय रिकामं आहे, तर मात्र नळीतल्या गर्भाची शंका घट्ट होते.

सुनेची सोनोग्राफी बुधवारीच झाली होती. गर्भाशय रिकामं, नळीजवळ काही दिसत नाही. आकडा ७९०. एवढ्यावर कोणी प्रामाणिक डॉक्टर हो किंवा नाही म्हणू शकत नाही. म्हणून त्यांनी शुक्रवारी बोलावलं होतं. ते पैशासाठी नव्हतं.

आकडा चांगला वाढला तरी

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगावी लागते. दीडपट किंवा दुप्पट वाढ झाली म्हणजे गर्भ गर्भाशयातच आहे असं पक्कं होत नाही. नळीतल्या दर पाच गर्भांमागे साधारण एका वेळी आकडा सुरुवातीला चांगल्या गर्भासारखाच वाढतो. गर्भ किती जोमाने वाढतोय याचा अंदाज आकडा देतो, पण तो कुठे आहे ते सोनोग्राफीच सांगते.

तसंच आकडा उतरू लागला म्हणजे सगळं आपोआप संपलं असंही नाही. गर्भ पडून गेला तर आकडा दोन दिवसांत बराच खाली येतो. १,२०० चा ५०० झाला तर ते बहुधा पूर्ण गर्भपाताचं लक्षण. पण १,२०० चा १,१०० झाला तर ती उतरण फार संथ आहे, आणि नळीत काही राहिलं असण्याची शक्यता उरते. उतरणाऱ्या आकड्याच्या दिवसांतही नळी फुटू शकते. म्हणून आकडा ५ च्या खाली येईपर्यंत डॉक्टर तपासत राहतात. रक्त जायचं थांबलं म्हणून मधेच तपासणी सोडू नका.

शुक्रवार

शुक्रवारी सकाळी सुनेचा आकडा आला ९६५. ९६५ भागिले ७९० म्हणजे १.२२. पुन्हा तीच रेंगाळणारी चाल. दरम्यान तिला थोडे तपकिरी डाग दिसू लागले होते आणि उजव्या बाजूला खाली बारीक दुखत होतं. पुन्हा सोनोग्राफी केली. गर्भाशय रिकामंच होतं, पण आता उजव्या नळीजवळ सुमारे दोन सेंटीमीटरची गाठ दिसली. गर्भ नळीत होता.

वेळेत कळलं म्हणून ऑपरेशन टळलं. नळी फुटलेली नव्हती, नाडी आणि रक्तदाब ठीक होते, गाठ लहान होती, त्यात ठोके नव्हते आणि आकडाही लहान होता. अशा वेळी मेथोट्रेक्सेट नावाचं इंजेक्शन देता येतं. ते झपाट्याने वाढणाऱ्या पेशींची वाढ थांबवतं आणि नळीतला गर्भ हळूहळू विरून जातो. देण्याआधी हिमोग्लोबिन, लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या केल्या.

इंजेक्शन दिलं तो दिवस पहिला धरतात. चौथ्या दिवशी आकडा आला १,०८०. घरात पुन्हा घबराट, "औषध लागू पडलं नाही!" पण चौथ्या दिवशी आकडा थोडा वर जाणं नेहमीचं आहे. खरी तुलना चौथ्या आणि सातव्या दिवसाची करतात. या तीन दिवसांत आकडा निदान १५ टक्के उतरायला हवा. सातव्या दिवशी तो ८१० आला. १,०८० मधून २७० गेले, म्हणजे २५ टक्के उतरला. औषध लागू पडलं होतं. मग दर आठवड्याला रक्त तपासलं. ३१०, मग ८४, मग १९, आणि शेवटी ५ च्या खाली. तेव्हा कुठे डॉक्टरांनी सुट्टी दिली.

त्या दिवसांत तिला फॉलिक ॲसिडच्या गोळ्या बंद ठेवायला सांगितल्या, कारण त्या या औषधाच्या विरुद्ध काम करतात. विचारल्याशिवाय दुखण्याची गोळी घ्यायची नाही, जड काम आणि संबंध टाळायचे, आणि निदान तीन महिने दिवस जाऊ द्यायचे नाहीत, असंही बजावलं. तिचा रक्तगट पॉझिटिव्ह होता. निगेटिव्ह असता तर पुढच्या बाळासाठी अँटी-डी इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारावं लागलं असतं.

दुकानातली गोळी घेऊ नका

गर्भपाताच्या गोळ्या कोणीतरी मेडिकलमधून आणून देतो. आकडा नीट वाढत नाही, गर्भ टिकणार नाही असं कळलं की काही घरांत गोळी घेऊन मोकळं होऊ असा विचार होतो. हा फार मोठा धोका आहे. या गोळ्या गर्भाशयातल्या गर्भावर काम करतात, नळीतल्या गर्भावर नाही. गोळी घेतली की गर्भाशयाचं अस्तर सुटून रक्त जातं, बाईला वाटतं झालं, सुटलो. नळीतला गर्भ मात्र तसाच वाढत राहतो. दोन आठवड्यांनी ती बेशुद्ध पडते तेव्हा घरच्यांना कारणही कळत नाही.

उलट बाजूने, संथ आकडा पाहून लगेच गर्भ काढून टाकायलाही तयार होऊ नका. शंभरातला एखादा चांगला गर्भ दीडपटीच्या रेषेखालून जातो. एका कमी आकड्यावर कोणी क्युरेटिंगचा सल्ला दिला तर विचारा, "दुसरा आकडा किती आला? सोनोग्राफीत काय दिसलं?" दोन दिवस थांबणं सुरक्षित आहे की नाही, हेही विचारा.

आकड्याची वाट पाहायची नाही तेव्हा

पुढचा आकडा दोन दिवसांनी आहे म्हणून घरी बसून राहायचं नाही, अशी काही लक्षणं आहेत. पोटात एका बाजूला अचानक जोराची कळ येणं. खांद्याच्या टोकाला दुखणं, जे आडवं झाल्यावर वाढतं. पोटातलं रक्त वर सरकून पडद्याला लागलं की खांदा दुखतो. चक्कर येणं, घाम फुटून अंग गार पडणं, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी. खूप रक्त जाणं. यातलं काही झालं तर आकडा लहान आहे की मोठा ते पाहू नका. लहान आकड्यातही नळी फुटते. १०८ ला फोन करा, ऑपरेशनची आणि रक्ताची सोय असलेल्या दवाखान्यात न्या, आणि पोहोचताच पहिलं वाक्य हे बोला: "हिला दिवस गेलेत आणि पोटात दुखतंय." सगळे कागद सोबत ठेवा. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली गर्भवतीची तपासणी, औषध, रक्त आणि वाहन मोफत देण्याची तरतूद आहे. ती मागून घ्या.

सुनेचा दोष नाही

सुट्टी मिळाल्यावर ती सून आमच्याकडे आली. शेजारणी म्हणत होत्या, नळाचं पाणी वर नेलं म्हणून झालं, पपई खाल्ली म्हणून झालं. एकीने तर बाहेरचं बघून घ्यायला सांगितलं होतं. आम्ही सासूबाईंसमोरच सांगितलं, हंडा उचलल्याने किंवा पपईने गर्भ नळीत जात नाही. नळीला पूर्वी सूज किंवा जंतुसंसर्ग झालेला असेल, नळीचं ऑपरेशन झालेलं असेल, आधी नळीत गर्भ राहिला असेल, तर धोका वाढतो. कित्येक वेळा तर कारण सापडतही नाही. आणि गर्भाशयातला गर्भ सुरुवातीलाच पडतो तेव्हा निम्म्याच्या आसपास वेळा कारण गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष असतं. तो कोणाच्या वागण्याने होत नाही आणि गंडा बांधून जात नाही.

एकदा नळीत गर्भ राहिला तर पुढच्या वेळीही तसं होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. म्हणून तिला आम्ही एकच गोष्ट पक्की सांगितली. पुढच्या वेळी पाळी चुकली की किट लावायचं, आणि पॉझिटिव्ह आलं की वाट न पाहता डॉक्टरांकडे जायचं. आकडा पाहायचा, ४८ तासांनी पुन्हा पाहायचा, आणि सोनोग्राफीत गर्भ गर्भाशयात दिसेपर्यंत निर्धास्त व्हायचं नाही.

सासूबाईंनी ते दोन्ही जुने कागद घडी घालून पिशवीत ठेवले. म्हणाल्या, "पुढच्या वेळी मी स्वतः भागाकार करणार. दीडपट झाला का ते मीच बघणार."